बहात्तर हजारांचे दोन लाख कसे होतात

शाळेच्या प्रवेशपुस्तिकेची पहिली पंधरा-वीस पानं गुळगुळीत असतात. रोबोटिक्सची प्रयोगशाळा, जलतरण तलाव, स्नेहसंमेलनातली सजलेली मुलं. फीचा तक्ता बहुधा या पानांत नसतोच. मागच्या खिशात घडी घालून ठेवलेला एक साधा कागद असतो, त्यावर तो छापलेला असतो, कारण पुस्तिका दोन-तीन वर्षं चालवायची असते आणि फी बदलत राहते. घरी आल्यावर पुस्तिका आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांच्या हातून फिरते. कागदावरचा मात्र एकच ठळक आकडा लक्षात राहतो आणि कागद पुन्हा खिशात जातो.

खरं तर अख्ख्या पुस्तिकेत सगळ्यात विलक्षण पान तेच. एका पानात व्याजाचं गणित आहे, करार आहे, करखात्याचा विचार आहे आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळानं केलेला एक कायदाही आहे. फक्त ते पान वाचायची दिशा उलटी आहे. सुरुवात सगळ्यात खालच्या बारीक अक्षरांपासून करायची, म्हणजे ‘परताव्याचे नियम’ या मथळ्यापासून. कुठली रक्कम परत मिळते, कधीपर्यंत आणि कशाच्या बदल्यात, हे कळलं की वरच्या प्रत्येक ओळीचा खरा स्वभाव उघडा पडतो. वरच्या ओळी सगळ्या सारख्याच दिसतात: डावीकडे नाव, उजवीकडे आकडा. पण काही रक्कम आयुष्यात एकदाच द्यायची असते, काही दर वर्षी, काही दर सत्राला, आणि काही तर द्यायची नसतेच, नुसती ठेवायला द्यायची असते.

एक नमुना घेऊ. आकडे मी बांधलेले आहेत, पण रचना पुण्या-ठाण्याकडच्या मध्यम खासगी इंग्रजी शाळेत सहज भेटेल अशीच आहे. इयत्ता पहिली, ठळक अक्षरांत ‘वार्षिक शुल्क रु. ७२,०००’. त्याखाली:

- नोंदणी शुल्क: १,५००
- प्रवेश शुल्क: ३०,०००
- अनामत रक्कम: २०,०००
- ट्यूशन फी: ७२,०००
- सत्र शुल्क: ६,००० (दोन सत्रे)
- उपक्रम शुल्क: १४,०००
- डिजिटल लर्निंग किट: ९,५०० अधिक जीएसटी
- बस: दरमहा २,८०० (बारा महिने)
- गणवेश व पुस्तके: प्रत्यक्ष दराने

शेवटच्या ओळीला आकडा नाही. गेल्या वर्षीच्या एखाद्या पालकाला विचारलं की तो कळतो. आपण ११,००० धरू. किटवरचा कर १८ टक्क्यांनी १,७१० होतो, म्हणजे किट पडलं ११,२१० ला. बसचे बारा महिन्यांचे ३३,६००. मूल बसमध्ये बसतं जेमतेम दहा महिने, म्हणजे वापराच्या महिन्याला भाडं पडतं ३,३६०. आणि सत्र शुल्क एकदा नाही, दोनदा.

आता बेरीज करा. पहिल्या वर्षी घरातून जाणारी रक्कम होते २,०५,३१०. ठळक अक्षरांतल्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट. आणि या कागदात कुठेही खोटं लिहिलेलं नाही! ट्यूशन फी खरोखरच ७२,००० आहे.

यातली सत्र शुल्काची ओळ मला फार आवडते. महाराष्ट्रातल्या शाळांत सत्र शुल्क परंपरेनं एका महिन्याच्या ट्यूशन फीएवढं असतं. ७२,००० ला बारानं भागा, ६,००० येतात, आणि सत्र शुल्कही नेमकं ६,०००. वर्षात दोन सत्रं, म्हणजे दोन जादा महिने. शाळेचं वर्ष पंचांगात बारा महिन्यांचं आणि फीच्या कागदात चौदा महिन्यांचं. एखाद्या शाळेचं सत्र शुल्क महिन्याच्या ट्यूशन फीच्या दुप्पट किंवा तिप्पट निघालं, तर तिथे थांबून विचारावं की हे कसं ठरलं.

किटच्या ओळीतही एक खूण दडलेली आहे. शाळेनं आपल्या विद्यार्थ्याला दिलेल्या शिक्षणसेवेवर जीएसटी लागत नाही. बारावीपर्यंतच्या शाळांना ती सूट आहे. मग या एकाच ओळीवर कर कुठून आला? बहुधा ही वस्तू विकणारी शाळा नाही, तिसरीच कुठली तरी कंपनी आहे. कागद शाळेचा, पण त्या ओळीचं बिल वेगळ्या नावानं येणार, परताव्याचे नियमही वेगळे असणार, आणि किट न आवडल्यास शाळा म्हणणार, कंपनीला विचारा. फीच्या कागदात कराची ओळ दिसली की ‘पावती कोणाच्या नावानं मिळेल?’ एवढं विचारलं तरी बरंच उलगडतं.

आयकर खात्यालाही हा कागद आपल्या चष्म्यातून दिसतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत दोन मुलांपर्यंतच्या ट्यूशन फीवर दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत वजावट मिळते, पण विकास निधी, देणगी किंवा तशा प्रकारची रक्कम त्यात धरत नाहीत. त्यामुळे नमुन्यातल्या दोन लाखांतले वजावटीला निर्विवाद चालतात ते ७२,०००. शाळेनं ट्यूशन फी कमी आणि ‘उपक्रम’ जास्त दाखवला, तर पालकाचा खर्च तेवढाच राहतो, पण वजावट घटते.

आता अनामत. कागदावर तिच्यापुढे ‘परतावायोग्य’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे ती खर्चात धरायची कुणाला सुचत नाही. पण नियमांत एक शब्द असतो: बिनव्याजी. पहिलीत दिलेले २०,००० दहावीनंतर परत मिळाले, तर मधे दहा वर्षं गेली. तेच पैसे सहा टक्के चक्रवाढीनं बँकेत राहिले असते तर झाले असते सुमारे ३५,८००. म्हणजे अनामतीची खरी किंमत जवळपास १५,८०० रुपये आहे, आणि ती कुठल्याच ओळीत छापलेली नाही. आता शाळेच्या बाजूनं बघा. दीड हजार मुलं गुणिले वीस हजार, म्हणजे तीन कोटी. जुनी मुलं गेली की नवी येतात, त्यामुळे ही रक्कम कधी आटत नाही. सहा टक्क्यांनी तिचं वर्षाचं व्याज अठरा लाख. परत द्यायच्या पैशांतून, एक रुपयाही न बुडवता, वर्षाला अठरा लाख! यात बेकायदा काही आहे असं नाही. पण दोन शाळांची तुलना करताना एकीची अनामत पाच हजार आणि दुसरीची पन्नास हजार असेल, तर त्या फरकाला किंमत आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

इथून खालच्या बारीक अक्षरांकडे जाऊ. आपल्या नमुन्यात चार नियम आहेत. पहिला: नोंदणी आणि प्रवेश शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. दुसरा: सत्र सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी लेखी कळवल्यास उर्वरित शुल्क परत मिळेल. तिसरा: शाळा सोडण्यापूर्वी एका सत्राची लेखी पूर्वसूचना आवश्यक, अन्यथा त्या सत्राचे शुल्क अनामतीतून वळते केले जाईल. चौथा: अनामत मूळ पावती सादर केल्यावर बिनव्याजी परत केली जाईल.

आता एका घराचं उदाहरण घेऊ. डिसेंबरात प्रवेश ‘पक्का’ करण्यासाठी त्यांनी नोंदणी, प्रवेश शुल्क आणि अनामत भरली, शिवाय पहिला हप्ता: अर्धी ट्यूशन फी ३६,०००, एक सत्र शुल्क ६,००० आणि अर्धं उपक्रम शुल्क ७,०००. हप्ता झाला ४९,०००, आणि सगळं मिळून १,००,५००. मार्चमध्ये घराजवळच्या शाळेत नंबर लागला. १० मार्चला त्यांनी पहिल्या शाळेला पत्र दिलं. किती परत मिळतील?

उत्तर एका तारखेवर लटकलेलं आहे, आणि ती तारीख कागदावर नाही. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. सत्र १५ जूनला सुरू होतं असं धरलं, तर १० मार्च म्हणजे ९७ दिवस आधी. मग अनामत आणि हप्ता मिळून ६९,००० परत मिळतात, गेले ते ३१,५००. पण सीबीएसईच्या बहुतेक शाळांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. तसं असेल तर पत्र फक्त २२ दिवस आधीचं ठरतं, मुदत हुकते आणि हप्त्याचे ४९,००० अडकतात. परत मिळू शकते ती अनामत. आणि तिसरा नियम कडकपणे लावला तर तीही नाही, कारण एका सत्राची ट्यूशन फी ३६,००० आहे आणि अनामत २०,०००. वळती करायला ती पुरतसुद्धा नाही. जे मूल एकही दिवस वर्गात बसलं नाही त्यानं शाळा ‘सोडली’ असं म्हणायचं का, हा वाद घालता येतो, पण तो वाद आधी नाही, नंतर घालावा लागतो. एकच पत्र, तीच तारीख, आणि परतावा ६९,००० पासून शून्यापर्यंत काहीही.

रेल्वेचं तिकीट रद्द करताना गाडी सुटण्याची वेळ छापलेली असते, म्हणून किती तास आधी रद्द केलं तर किती कापतील हे निमूट मोजता येतं. फीच्या कागदात गाडी सुटण्याची वेळच छापलेली नसते. म्हणून पैसे भरण्याआधी शाळेकडून मागायची पहिली गोष्ट ही तारीख आहे, तीही ईमेलवर.

‘कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ हे वाक्य वाचायला अगदी अंतिम वाटतं. कायद्यात ते तितकं अंतिम नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७४ वं कलम असं सांगतं की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यायची असं आधी ठरलेलं असलं, तरी नुकसान सोसणाऱ्याला त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. पालकानं माघार घेतल्यानंतर तीच जागा प्रतीक्षायादीतल्या मुलानं भरली असेल, तर शाळेचं नेमकं किती नुकसान झालं, हा प्रश्न त्यामुळे विचारता येतो. पण तीस हजारांसाठी दिवाणी न्यायालयात कोण जाणार? ग्राहक आयोगाचा रस्ताही सरळ नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पी. टी. कोशी प्रकरणात म्हटलं की शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याच्या अर्थानं ‘सेवा’ पुरवत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे फी परताव्याचे नियम अनेकांच्या कानावर असतात, पण ते महाविद्यालयांसाठी आहेत, शाळांना लागू नाहीत. त्यामुळे शाळेच्या बाबतीत बळ आहे ते पैसे भरण्यापूर्वी, नंतर ते झपाट्यानं कमी होतं.

आता कागदाच्या मागे काय घडलेलं असतं ते बघू, कारण तिथली गोष्ट बहुतेक पालकांना माहीतच नसते. महाराष्ट्रात २०११ चा शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन अधिनियम आहे. तो २०१४ च्या डिसेंबरपासून लागू झाला आणि खासगी शाळांना, मग मंडळ कुठलंही असो, लागू आहे. या कायद्यानुसार शाळेनं मनाला येईल ती फी कागदावर छापायची नसते. पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी व्यवस्थापनानं प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. या समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक असतो, आणि इच्छुक पालकांतून निवड होते चक्क चिठ्ठ्या टाकून. म्हणजे पुढच्या वर्षी शाळेतल्या सगळ्या मुलांच्या घरखर्चावर परिणाम करणाऱ्या आकड्यांवर आधी एखाद्या चौथीतल्या मुलीच्या आईनं मान डोलावलेली असते, किंवा नकार दिलेला असतो. मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. आणि ती शाळेच्या सूचनाफलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावावी लागते, संकेतस्थळ असेल तर तिथेही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘शाळेला पंधरा टक्क्यांपर्यंत वाढ करता येते’ असं पालकही म्हणतात आणि कधी शाळेचं कार्यालयही. कायद्यातले पंधरा टक्के वेगळ्या जागी आहेत. व्यवस्थापनानं मागितलेली फी आणि समितीनं मंजूर केलेली फी यांत पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत पडली, तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे नेता येतं. ते भांडणाचं मोजमाप आहे, वाढीची परवानगी नाही.

या व्यवस्थेमुळे पालकाच्या हातात एक साधा प्रश्न येतो. डिसेंबरात पुस्तिका हाती पडते तेव्हा पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव समितीपुढे जाऊन गेलेला असायला हवा. मग विचारावं: ही फी समितीनं मंजूर केलेली आहे का, आणि कुठल्या दोन वर्षांसाठी? पहिलं वर्ष उलटलेलं असेल, तर आपल्या मुलाच्या दुसऱ्याच वर्षी नवी फी येणार. म्हणजे पहिलीच्या पालकाचा पुढच्या वर्षीचा अंदाज १,५३,८१० चा (एकदाच द्यायच्या तीन रकमा वजा जाता) असेल, तर तो आताच थोडा वर सरकवायला हवा. उत्तर देताना कार्यालय घुटमळलं, तर सूचनाफलक शोधावा. मंजूर फीचा कागद आणि पुस्तिकेतला कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ लावावी. एखादी ओळ फक्त पुस्तिकेत असेल आणि फलकावर नसेल, तर विचारायचा प्रश्न आपोआप सापडतो.

आणि फीच्या कागदाची सगळ्यात उलटी, पालकाच्या बाजूची गंमत इथेच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कॅपिटेशन फीची व्याख्या अशी आहे: शाळेनं जाहीर केलेल्या फीशिवाय घेतलेली कोणतीही देणगी, वर्गणी किंवा रक्कम. तिच्यासाठी दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत आहे. राज्याचा १९८७ चा वेगळा कायदाही कॅपिटेशन फीला मनाई करतो. म्हणून ‘इमारत निधीला स्वेच्छेनं थोडं द्या, पावती ट्रस्टच्या नावानं मिळेल’ असं कानात सांगितलं जातं, तेव्हा तोच रुक्ष कागद पालकाचा साक्षीदार होतो. जे त्यावर नाही ते मागण्याचा हक्क शाळेला नाही. गणवेश आणि वह्या-पुस्तकांचंही तसंच: ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळांनी करू नये, असं राज्य शासनानं फार पूर्वीच बजावलेलं आहे.

फी म्हणजे एकसंध गोळा नाही, तिचे तुकडे कशासाठी आहेत हे मोजता येतं, हे सगळ्या देशानं महासाथीत पाहिलं. ३ मे २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानच्या शाळांना २०२०-२१ च्या वार्षिक फीतून पंधरा टक्के वजा करायला सांगितलं. कारण असं की शाळा बंद असताना वीज, पाणी, इंधन, देखभाल यांचा खर्च वाचला होता, आणि न वापरलेल्या सुविधांचे पैसे घेणं बरोबर नव्हतं. महाराष्ट्र शासनानंही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तशाच कपातीचा आदेश काढला. उपक्रम शुल्काच्या चौदा हजारांत नेमकं काय येतं, असं विचारणं म्हणजे शाळेवर अविश्वास नव्हे. न्यायालयानंही हिशेब तसाच मांडला.

पैसे भरण्याआधी शाळेला एक ईमेल पाठवावा, चारच ओळींचा. परताव्याच्या नियमातलं सत्र कुठल्या तारखेला सुरू होतं? मुलानं शाळा सुरूच केली नाही, तर पूर्वसूचनेचा नियम अनामतीला लागतो का? कागदावरची कोणती फी समितीनं मंजूर केली आहे आणि कोणत्या वर्षांसाठी? कोणत्या ओळीची पावती शाळेखेरीज दुसऱ्याच्या नावानं मिळेल? तोंडी उत्तर मिळालं तर ‘आपल्या आजच्या बोलण्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून तेच पुन्हा ईमेलनं कळवावं. पैसे चेकनं किंवा ऑनलाइन, कागदावर नाव असलेल्या खात्यातच भरावेत. आणि अनामतीच्या पावतीची लगेच झेरॉक्स काढावी, कारण यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही वर्षांत उडते आणि चौथा नियम मूळ पावती मागतो, तीही दहा वर्षांनी. अनामतीची वेगळी, शिक्क्याची, शाईनं सही केलेली पावती प्रवेशाच्या दिवशीच मागून घेतली, तर कार्यालयातला माणूस फार तर कपाळाला आठ्या घालील, पण पावती देईल.

या ईमेलला सरळ उत्तर देणारी शाळा आणि ‘सगळं पुस्तिकेत आहे’ म्हणणारी शाळा, यांची फी एकच असली तरी कागद एकच नसतो. पहिल्या शाळेत १० मार्चला पत्र दिलं तर किती परत मिळेल, हे डिसेंबरातच माहीत असतं.